व्याह्यांच्या भाषेत चार शब्द

मराठी लग्नात बोलायला जागा भरपूर असते, पण भाषणाला नसते. मंगलाष्टके म्हटली जातात, उखाणे घेतले जातात, विहिणीच्या पंगतीत एकमेकींना चिमटे काढणारी गाणी होतात आणि पाठवणीच्या वेळी कोणीतरी हुंदका आवरत दोन वाक्ये बोलते. वधूच्या आईने माईक हातात घेऊन सगळ्या मांडवाशी बोलावे, ही पद्धत अलीकडची. तिची खरी गरज भासते ती व्याही परक्या भाषेचे असतात तेव्हा. मुलगा इटलीचा असला की त्याचे आईवडील, आजी, चुलत-मावस भावंडे असा गोतावळा हजारो किलोमीटरचा प्रवास करून पुण्याला किंवा नाशिकला येतो. सकाळपासून विधी चाललेले असतात, पण त्यातला एकही शब्द त्यांना उद्देशून नसतो. म्हणून वधूची आई चार शब्द बोलायचे ठरवते. ते ती मराठीत लिहिते, कारण मनातले तिला मराठीतच सांगता येते. आणि मग प्रश्न उभा राहतो, तो त्याचे इटालियन कसे करायचे हा.

बहुतेक घरांत हा प्रवास दोन टप्प्यांत होतो. वधू आईच्या मजकुराचे इंग्रजी करते आणि नवरदेव किंवा त्याची बहीण त्या इंग्रजीचे इटालियन करते. मराठी आणि इटालियन दोन्ही चांगल्या जाणणारी माणसे थोडी असल्यामुळे हे साहजिक आहे. अडचण अशी, की नाती, आदर आणि बोलणाऱ्याचे लिंग या तीन बाबतींत मराठी आणि इटालियन एकमेकींच्या जवळच्या भाषा आहेत. मधली इंग्रजी नेमक्या याच तीन गोष्टी गाळून टाकते. पुण्यात असलेले वेरोनातही असते, पण वाटेत हरवते.

उदाहरणासाठी एक नमुना घेऊ. मुलगी पुण्याची, मुलगा वेरोनाजवळच्या गावातला, लग्न पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात. वधूच्या आईने लिहिलेला पहिला मसुदा साधारण असा असेल:

“व्याही, विहीणबाई आणि पाहुणे मंडळी, तुम्ही एवढ्या लांबून आलात, आम्ही भरून पावलो. आज मी फार हळवी झाले आहे. आमची लेक आज तुमच्या पदरात घातली आहे. तिच्यावर माया करा, काही चुकलं तर पोटात घाला. जावईबापू, तुम्ही आता आमच्या घरचे झालात. पाहुणचारात काही कमी-जास्त झालं असेल तर गोड मानून घ्या. अखंड सौभाग्यवती भव!”

मराठी कानाला यात एकही शब्द खटकत नाही. आता तो इंग्रजीमार्गे इटलीला जाऊ द्या.

पहिलाच शब्द घसरतो. इंग्रजीत व्याही-विहिणीला एका शब्दाचे नाव नाही. वधू ‘इन-लॉज’ असे काहीतरी लिहिते. ते वाचून इटालियन करणारा ‘स्वोचेरी’ लिहितो आणि स्वोचेरी म्हणजे सासू-सासरे. म्हणजे वधूची आई भर मांडवात मुलीच्या सासू-सासऱ्यांना स्वतःचे सासू-सासरे म्हणून हाक मारते. वास्तविक इटालियनमध्ये व्याह्याला ‘कोन्स्वोचेरो’, विहिणीला ‘कोन्स्वोचेरा’ आणि दोघांना मिळून ‘कोन्स्वोचेरी’ असे नेमके शब्द आहेत. ते रोजच्या वापरातले आहेत, कोशात पडून राहिलेले नाहीत. वरच्या आईने भाषणाची सुरुवात ‘कारी कोन्स्वोचेरी’, म्हणजे ‘प्रिय व्याही-विहीणबाई’, अशी केली तर समोरच्या जोडप्याला आपण नात्याने या बाईंचे कोण झालो हे तिथल्या तिथे कळते.

दुसरी गोष्ट ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची. इटालियनमध्ये एका माणसाशी बोलताना जवळिकीचा ‘तू’ असतो, उच्चारही तोच, आणि अंतर राखणारा ‘लेई’ असतो. अनेकांशी एकदम बोलताना ‘वोई’ येतो. दक्षिण इटलीच्या काही भागांत वडीलधाऱ्या एका माणसालाही आदराने ‘वोई’ म्हणतात, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखे. इंग्रजीत या सगळ्याला एकच सर्वनाम. त्यामुळे त्या मजकुरावरून इटालियन करणाऱ्याला प्रत्येक वाक्यात अंदाज बांधावा लागतो. व्याही-विहीण दोघांना मिळून आणि सगळ्या पाहुण्यांना ‘वोई’ म्हणायचे, इथे गोंधळ नाही. पण एकट्या विहीणबाईंना उद्देशून वाक्य असेल, तर ‘तू’ की ‘लेई’ हे दोघींची ओळख किती झाली आहे यावर ठरते. ते नवरदेवालाच विचारावे.

जावयाच्या बाबतीत मात्र मराठी रूप जसेच्या तसे नेणेही चुकते. जावईबापूंना आपण मानाने ‘तुम्ही’ म्हणतो. त्याचे ‘लेई’ केले तर इटालियन कानाला सासू जावयाशी बँकेतल्या अधिकाऱ्यासारखी बोलते आहे असे वाटते. तिथे मुलीच्या नवऱ्याला सासूने ‘तू’ म्हणणे हीच आपुलकी. ‘तुम्ही आता आमच्या घरचे झालात’ या वाक्याला तिथे ‘ओरा सेई दी फामील्या’ असे सहज वाक्य आहे. त्यातले क्रियापद ‘तू’चे आहे. मराठीत आईने ‘तुम्ही’ म्हणावे आणि इटालियनमध्ये ‘तू’ ऐकू यावा, हेच इथले बरोबर भाषांतर.

तिसरी गोष्ट बोलणाऱ्याच्या लिंगाची. ‘मी हळवी झाले आहे’ या वाक्यावरून मराठी माणसाला बोलणारी स्त्री आहे हे कळते. इटालियनमध्येही कळते, कारण तिथे स्त्री ‘सोनो कोम्मोस्सा’ म्हणते आणि पुरुष ‘सोनो कोम्मोस्सो’. इंग्रजी वाक्यात ही खूण उरत नाही. ज्याला भाषण आईचे की वडिलांचे हे सांगितलेले नाही, तो सवयीने पुल्लिंगी रूप लिहून मोकळा होतो. आईचे भाषण नवरदेवाचा भाऊ वाचणार असेल, तर आणखी एक प्रश्न येतो. व्यावसायिक दुभाषे मूळ वक्त्याच्या जागी उभे राहून ‘मी’ असेच बोलतात, म्हणजे भावानेही ‘कोम्मोस्सा’ म्हणायला हवे. मांडवात ते विचित्र वाटू शकते. सोपा उपाय म्हणजे आईचे शब्द एखाद्या स्त्रीने वाचावेत, नाहीतर भावाने सुरुवातीला ‘हे शब्द वधूच्या आईचे आहेत’ एवढे सांगावे.

इंग्रजी टाळता येत नसेल, तर निदान मजकुराच्या वर एक टिपण जोडावे. कोण बोलते आहे, स्त्री की पुरुष, कोणत्या वाक्यात कोणाशी बोलते आहे आणि त्या माणसाशी तिचे नाते काय, एवढ्या चार ओळींनी वरच्या बहुतेक चुका टळतात.

यापुढचे काम शब्दांचे नाही, रीतीचे आहे, आणि ते भाषांतर सुरू होण्यापूर्वी मराठीतच उरकावे लागते. ‘पदरात घातली आहे’, ‘पोटात घाला’, ‘गोड मानून घ्या’ ही लग्नघरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी वाक्ये आहेत. मुलीची बाजू नमते घेते, आणि ऐकणाऱ्या विहीणबाईंना पुढचे उत्तरही ठाऊक असते: ‘अहो, असं काय म्हणता, ती आमचीच लेक.’ समोरून हे उत्तर येणार हे गृहीत धरूनच ते बोलले जाते. वेरोनाच्या पाहुण्यांना हा रिवाज माहीत नसतो. पोटात घालण्याचे शब्दशः इटालियन केले तर ते पोट हा अवयवच समजतील. अर्थ घेऊन ‘तिच्या चुका माफ करा’ असे केले, तर तिने कोणत्या चुका केल्या आहेत असा विचार करत बसतील. ‘गोड मानून घ्या’चेही तेच. तीन दिवस उत्तम पाहुणचार घेतलेल्या माणसाला यजमानीण माफी का मागते आहे, हे त्याला उमगत नाही.

अशा वेळी त्या वाक्यांच्या पोटातली इच्छा शोधावी. वधूच्या आईला मुळात मागायचे आहे ते एकच: माझ्या मुलीला माया द्या. आणि मायेसाठी इटालियनमध्ये फार चांगली सोय आहे. ‘अमारे’ हे क्रियापद मुख्यतः नवरा-बायको, प्रियकर-प्रेयसी यांच्या प्रेमासाठी वापरले जाते. आईवडील, भावंडे, मित्र, सासू-सून यांच्यातल्या जिव्हाळ्याला ‘वोलेर बेने’ म्हणतात. शब्दांप्रमाणे पाहिले तर त्याचा अर्थ ‘भले इच्छिणे’. आईच्या तिन्ही वाक्यांऐवजी एकच इटालियन वाक्य पुरते: ‘वोल्यातेले बेने कोमे ल्येने वोल्यामो नोई.’ म्हणजे, आम्ही तिच्यावर जशी माया करतो तशी तुम्हीही करा. यात कमीपणा नाही, माफी नाही, आणि आईने मागायचे ते सगळे आले. पाहुणचाराबद्दलच्या वाक्याऐवजी ‘एवढ्या लांबून आलात, तुमचे आभार’ किंवा ‘इथे तुम्हाला घरच्यासारखं वाटलं असेल अशी आशा आहे’ असे म्हणावे.

विधींचे उल्लेख असतील तर त्यातला कन्यादानाचा उल्लेख सर्वांत जपून करावा लागतो. इटलीत लग्न नगरपालिकेत लागले तर अधिकारी जोडप्याला नागरी संहितेची 143, 144 आणि 147 ही कलमे वाचून दाखवतो. नागरी मान्यता असलेले लग्न चर्चमध्ये लागले तर धर्मगुरू ती वाचतो. 143व्या कलमाची सुरुवातच अशी आहे की विवाहाने पती आणि पत्नी यांना सारखेच हक्क मिळतात आणि त्यांच्यावर सारखीच कर्तव्ये येतात. 1975च्या कुटुंब कायद्यातील सुधारणेने आलेली ही समानता प्रत्येक इटालियन पाहुण्याने दुसऱ्यांच्या किंवा स्वतःच्या लग्नात कानांनी ऐकलेली असते. त्यांच्यासमोर ‘आज आम्ही आमची मुलगी दान केली’ हे वाक्य शब्दशः ठेवले, तर मुलगी म्हणजे देऊन टाकायची वस्तू असा अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचतो. हा विधी करावा की नाही यावर मराठी घरांतही वाद होतात. पण भाषणात त्याचे नाव घ्यायचेच असेल तर नाव मराठीच ठेवावे आणि पाहुण्यांनी डोळ्यांनी काय पाहिले ते सांगावे: ‘सकाळी आम्ही दोघांनी त्यांच्या जुळलेल्या हातांवर पाण्याची धार धरली, तुम्ही ते पाहिलंत.’ पाहिलेली गोष्ट कळते, तिला समजुतीचा लांबलचक परिच्छेद लागत नाही.

शेवटच्या आशीर्वादाचेही असेच. ‘अखंड सौभाग्यवती’चा अर्थ उलगडून सांगायला गेले की वैधव्याचा उल्लेख आलाच, आणि लग्नाच्या दिवशी तो इटालियन माणसाच्या अंगावर काटा आणेल. ‘अष्टपुत्रा’ मात्र त्यांच्या वडीलधाऱ्यांना ओळखीचे वाटेल, कारण जुन्या इटलीत नवदांपत्याला ‘आउगूरी ए फील्यी मास्की’, म्हणजे ‘शुभेच्छा आणि मुलगे होवोत’, असे म्हणण्याची चाल होती. आज ते जुनाट समजले जाते, आपल्याकडे ‘अष्टपुत्रा’ समजले जाते तसेच. दोन्ही बाजूला ठेवून ‘दोघांना एकमेकांच्या सोबतीनं दीर्घ आयुष्य लाभो’ म्हणावे. त्याच्या पाठोपाठ मोठ्याने ‘वीवा ल्यी स्पोझी!’ म्हणावे, म्हणजे ‘वधूवरांचा जयजयकार असो’. ही इटालियन लग्नांतली ठरलेली आरोळी आहे. एकाने ‘वीवा ल्यी स्पोझी’ म्हटले की बाकीचे ‘वीवा!’ म्हणून उत्तर देतात, म्हणजे तोवर गप्प बसलेल्या पाहुण्यांनाही मांडवात बोलायला मिळते. फक्त ती देताना हातात पाण्याचा पेला उंचावू नये. पाण्याने शुभेच्छा देणे अनेक इटालियन अशुभ मानतात.

आता वाचण्याची वेळ. एक परिच्छेद मराठीत, मग तोच इटालियनमध्ये, अशी पाळी लावली तर वेळ दुपटीपेक्षा थोडा जास्त लागतो. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, इटालियनमध्ये ती वेगळी उभी राहतात. ‘माझ्या मुलीच्या लग्नाला’ हे तीन शब्द आहेत, ‘आल मात्रिमोन्यो दी मिया फील्या’ हे पाच. सावकाश, थांबत बोलणारा माणूस मिनिटाला सुमारे शंभर शब्द बोलतो असे धरले, तर तीनशे मराठी शब्दांना तीन मिनिटे आणि त्यांच्या इटालियनला साडेतीन-चार मिनिटे लागतील. जेवण खोळंबलेल्या मांडवात एवढे पुष्कळ झाले. एका परिच्छेदात तीन-चार वाक्ये असावीत. ‘जी मुलगी काल परवापर्यंत… ती आज…’ अशी लांब पल्ल्याची वाक्ये तोडावीत, कारण मराठी क्रियापद शेवटी येते आणि वाचणाऱ्याला वाक्य संपेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो. गमतीचे वाक्य असेल तर ते परिच्छेदाच्या शेवटी ठेवावे. आधी मराठी माणसे हसतील, मग लगेच इटालियन वाचले जाईल आणि तेही हसतील. मधेच ठेवले तर हशा आणि पुढचे गंभीर वाक्य एकमेकांवर आदळतात. आणि लिहिलेल्याबाहेर एकही वाक्य ऐन वेळी घालू नये, कारण दुसऱ्या कागदावर ते नसते.

आईला पहिली आणि शेवटची ओळ स्वतः इटालियनमध्ये म्हणायची असेल तर देवनागरी तिच्या मदतीला येते. इटालियनमधले त आणि द आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून उच्चारले जातात, त्यामुळे ‘बेन्वेनूती’ लिहिले तसे वाचले की झाले. ‘आभार’साठीचा शब्द ‘ग्रात्स्ये’. त्यातला ‘त्स’ हा मराठीतल्या ‘चाक’मधल्या च-सारखा आहे, ‘चार’मधल्या च-सारखा नाही. हा फरक मराठी जिभेला लहानपणापासून येतो. काळजी घ्यायची ती जोडाक्षरांची. ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा, ‘नोनो’ म्हणजे नववा. ‘आन्नी’ म्हणजे वर्षे. एकेरी न उच्चारून ‘आनी’ म्हटले तर तो गुदद्वारासाठीच्या शब्दाचा उच्चार होतो. पुष्कळ सुखाची वर्षे लाभोत असे म्हणताना त्या न्न-वर थांबणे म्हणूनच गरजेचे.

उलट दिशेने येणारे आवाजही तपासून घ्यावेत. मराठी ‘मामा’ इटालियन कानाला आईसाठीच्या ‘माम्मा’सारखा लागतो. ‘मामांनी तिला हाताला धरून बोहल्यावर आणलं’ या वाक्यातला मामा इटालियनमध्येही तसाच ठेवला तर पाहुणे आईला शोधू लागतील. ‘काका’ तर लहान मुलांच्या बोलीतल्या ‘शी’साठीच्या शब्दाशी जुळतो आणि पाहुण्यांतली पोरे हमखास खिदळतात. मामा, काका, मावशीचे यजमान या सगळ्यांना इटालियनमध्ये एकच ‘त्सीओ’ आहे. मराठीतला नेमकेपणा हवा असेल तर ‘आईचा भाऊ’, ‘वडिलांचा भाऊ’ असे सांगून पुढे नाव घ्यावे.

नावांची तर आधीच यादी करावी, कारण इटालियन कागद वाचणारा माणूस रोमन अक्षरे आपल्या पद्धतीने वाचतो. सी आणि एच ही जोडी त्याच्याकडे ‘क’ होते, म्हणून इंग्रजी पद्धतीने लिहिलेली चित्रा त्याच्या तोंडून कीत्रा होते आणि चैतन्य काइतान्या होतो. एच एकटा असेल तर तो मुकाच राहतो, त्यामुळे हेमाची एमा होते. जे, के, डब्ल्यू, एक्स, वाय ही अक्षरे इटालियनच्या मूळ एकवीस अक्षरांत नाहीत. त्या कागदावर चित्रा लिहिताना सी-एचऐवजी नुसता सी लिहिला की उच्चार जागेवर येतो. पासपोर्टवर कसे लिहिले आहे याचा इथे संबंध नाही. विवाहाची कागदपत्रे दूतावासात द्यायची असतील तेव्हा अधिकृत भाषांतर आणि पासपोर्टप्रमाणेच नाव लागते. भाषणाच्या कागदाला तसले कोणतेही बंधन नाही.

सगळे झाल्यावर एक चाचणी करावी. इटालियन मजकूर, तो तयार करण्यात भाग न घेतलेल्या एखाद्या इटालियन माणसाला वाचून दाखवावा आणि कागद न देता विचारावे: बोलणारी कोण आहे, पुरुष की बाई, ती कोणाशी बोलते आहे, तिने तुमच्याकडे काय मागितले? ‘वराच्या आईवडिलांशी बोलणारी वधूची आई, आणि तिने मुलीसाठी माया मागितली’ असे उत्तर आले तर मजकूर जमला. ‘तिने माफी मागितली, पण कशाची ते कळलं नाही’ असे आले, तर मूळ मराठीतले एखादे ‘पोटात घाला’ कुठेतरी शिल्लक राहिले आहे. ते शोधून काढायला लग्नाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत वेळ ठेवावा, हळदीच्या गडबडीत ते होत नाही.